काठावरचे ४० आणि पॉइंटरचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोघे जण गणित-३ मध्ये अडकतात. पुढच्या परीक्षेत दोघांचाही विषय सुटतो, आणि दोघांनाही बरोबर ४० गुण पडतात. बाकीच्या विषयांतही दोघांची कामगिरी सारखीच आहे. तरीही एक जण सांगतो की केटी सुटल्यामुळे त्या सेमिस्टरचा पॉइंटर ५.६ वरून ६.४ झाला. दुसऱ्याची तक्रार अशी, की आपला पॉइंटर ७ होता, तो विषय सुटल्यावर ६.४ वर घसरला. दोघांचे हिशेब बरोबर आहेत. विषय सुटण्याआधी त्या जागी काय धरले होते, एवढाच दोघांत फरक आहे.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे चटकन कळेल. फलंदाज फलंदाजीला उतरलाच नाही, तर त्याच्या सरासरीला धक्का लागत नाही. शून्यावर बाद झाला, तर धावा वाढत नाहीत, पण तो डाव सरासरीत मोजला जातो. राहिलेल्या विषयाचेही तसेच. तो हिशेबातून वगळलेला असतो, किंवा त्याला शून्य धरलेले असते. गुणांच्या जुन्या पद्धतीत तर नापास झाला तेव्हाचे गुण एकूण बेरजेत पडून असतात. त्यामुळे काठावरचे ४० आल्यावर सरासरी वर जाणार की खाली, हे या तिन्हीपैकी कोणता हिशेब चालू होता त्यावर ठरते.

आता आकडे मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी श्रेणीपद्धतीत सर्वोच्च श्रेणीला १० अंक, काठावर पास होणाऱ्याला ४ आणि नापासाला शून्य मिळते. प्रत्येक विषयाचे क्रेडिट त्याच्या श्रेणी-अंकांनी गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या सेमिस्टरचा पॉइंटर. समजा, सेमिस्टर २० क्रेडिटचे आहे आणि त्यात गणित-३ चे ४ क्रेडिट आहेत. उरलेल्या १६ क्रेडिटमध्ये सरासरी ७ अंक पडले, म्हणजे ११२ जमले. गणिताला शून्य धरून ११२ ला २० ने भागले, की ५.६ येतात. गणित वगळून १६ ने भागले, की ७. विषय ४ अंकांनी सुटला, की जमेत आणखी १६ पडतात. मग १२८ भागिले २०, म्हणजे ६.४. शेवटी दोघेही तिथेच येऊन थांबतात.

बरीच विद्यापीठे केटी असलेल्या सेमिस्टरचा पॉइंटर छापतच नाहीत; ती जागा रिकामी असते. मग विद्यार्थी मोबाईलवर स्वतःच हिशेब मांडतात, आणि मांडताना राहिलेला विषय सहसा गाळतात. तो ७ चा आकडा वर्षभर डोक्यात बसतो, नोकरीच्या अर्जातही भरला जातो. विषय सुटल्यावर तो खाली येतो तेव्हा विद्यापीठाने चूक केली असे वाटते. गुणपत्रिकेवर पॉइंटर छापलेला असेल, तर तो कसा काढला हे तपासता येते. क्रेडिट आणि श्रेणी-अंकांच्या गुणाकारांची बेरीज पॉइंटरने भागायची. उत्तर २० आले तर नापास विषय शून्य म्हणून मोजला आहे, आणि १६ आले तर तो वगळला आहे.

एका सेमिस्टरमध्ये हा फरक डोळ्यांत भरतो, पण संपूर्ण पदवीत तो खूप पातळ होतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा २०१८ चा आदर्श अभ्यासक्रम १६० क्रेडिटचा आहे. त्यातल्या १५६ क्रेडिटमध्ये सरासरी ७ अंक असले, तर जमा होते १०९२. गणिताचे शून्य धरून पॉइंटर ६.८२५ होतो. काठावर सुटलेल्या गणितासह तो ६.९२५ होतो, आणि गणितातही ७ मिळाले असते तर तो पूर्ण ७ राहिला असता. याच परिषदेच्या एका प्रचलित सूत्रात पॉइंटरमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात. त्या सूत्राने टक्के अनुक्रमे ६०.७५, ६१.७५ आणि ६२.५ होतात. म्हणजे विषय सुटल्याने पूर्ण एक टक्का वाढला, आणि तो काठावर सुटल्यामुळे पाऊण टक्का गेला.

गुणांच्या जुन्या पद्धतीत हेच चित्र वेगळे दिसते. आठ सेमिस्टर मिळून ६००० गुण धरू. गणिताचे १०० सोडून उरलेल्या ५९०० मध्ये ६० टक्के, म्हणजे ३५४० गुण मिळाले. पहिल्या प्रयत्नात गणितात २८ होते, दुसऱ्यात ४० झाले. एकूण बेरीज १२ ने वाढली आणि टक्केवारी ५९.४७ वरून ५९.६७ वर गेली, म्हणजे एक पंचमांश टक्का. श्रेणीपद्धतीत एक टक्का वाढतो आणि इथे इतके थोडे, याचे कारण सरळ आहे. गुणांच्या पद्धतीत आधीचे २८ कुठे गेलेले नव्हते. श्रेणीपद्धतीत मात्र २८ मिळवणारा आणि ३ मिळवणारा दोघेही शून्यावर असतात, म्हणून सुटकेची उडी मोठी दिसते. उडी मोठी असली तरी ती खड्ड्यातून वर येण्याची असते, सरासरी गाठण्याची नसते.

पाऊण टक्का ज्याची सरासरी ७२ आहे त्याला जाणवणारही नाही. तो जाणवतो उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला. भरतीला येणाऱ्या अनेक कंपन्या ६० टक्क्यांखालचे अर्ज बघत नाहीत. महाराष्ट्रात एमबीएच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के लागतात. यूजीसी-नेटसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, आणि अपूर्णांक वर ओढून पूर्ण करता येत नाही, ५४.९ म्हणजे ५४.९.

असाच एक उंबरठा घेऊ. एका विद्यार्थिनीची गणित सोडून १५६ क्रेडिटमध्ये १०५६ ची जमा आहे. राहिलेला विषय वगळून तिचा पॉइंटर ६.७७ येतो, टक्के ६० च्या किंचित वर. तिला वाटते, आता नुसते पास व्हायचे आहे. गणित ४ अंकांनी सुटले, तर १०७२ भागिले १६०, म्हणजे ६.७० आणि टक्के ५९.५. पाच अंक मिळाले तर ५९.७५. सहा मिळाले तरच नेमके ६०. सूत्र लहान आहे: हवा असलेला पॉइंटर गुणिले एकूण क्रेडिट, त्यातून आतापर्यंतची जमा वजा, आणि उरलेल्याला त्या विषयाच्या क्रेडिटने भागायचे. तिच्यासाठी ६.७५ गुणिले १६० म्हणजे १०८०. १०५६ वजा केले की २४ उरतात, आणि ४ ने भागले की ६.

आता हे ६ अंक किती गुणांना मिळतात? मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या इंजिनिअरिंगच्या श्रेणीतक्त्यांत ४० ते ४४ गुणांना ४ अंक, ४५ ते ४९ ला ५ आणि ५० पासून ६ अंक अशा पायऱ्या आहेत. पायरीच्या आत गुण वाढले तरी काही हलत नाही. ४० आणि ४४ एकाच किमतीचे. ४४ आणि ४५ मध्ये मात्र पूर्ण एक अंक असतो. चार क्रेडिटच्या विषयात तो पदवीच्या टक्केवारीत पाव टक्का होतो. त्या विद्यार्थिनीला ४० नव्हे, ५० गाठायचे आहेत.

इथे अंतर्गत गुण कामाला येतात. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमध्ये अनेक वर्षे लेखी पेपर ८० गुणांचा आणि अंतर्गत चाचण्या २० गुणांच्या राहिल्या आहेत, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावे लागते: लेखीत ३२, अंतर्गतमध्ये ८. लेखीची केटी लागली तर पुन्हा लेखीच द्यावी लागते. पास झालेले अंतर्गत गुण तसेच पुढे येतात. अंतर्गतमध्ये १८ असतील, तर लेखीत काठावरचे ३२ मिळूनही बेरीज ५० होते आणि ६ अंक हातात पडतात. अंतर्गतमध्येही काठावरचे ८ असतील, तर त्याच ३२ ला ४० आणि ४ अंक. ५० गाठायला मग लेखीत ४२ लागतात. केटीची तयारी करताना आधी जुनी गुणपत्रिका काढून अंतर्गत गुण बघावेत, कारण ‘काठावर पास’ या दोन शब्दांची किंमत दोघांसाठी दोन श्रेणींइतकी वेगळी असू शकते.

परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना आणखी एक अडथळा भेटतो. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत पुन्हा दिलेल्या विषयाचे गुण पास होण्याच्या मर्यादेपाशी थोपवतात. एमएस्सीत ही मर्यादा साधारण ५० असते. फेरपरीक्षेत ७५ मिळाले तरी मोजताना ५० च धरतात. १८० क्रेडिटच्या एमएस्सीत १६० क्रेडिटची सरासरी ६१ असली आणि २० क्रेडिटचा एक विषय ५० वर अडकला, तर एकूण ५९.८ होतात. ‘मेरिट’ची रेषा सहसा ६० वर असते. नियम शिथिल नसतील तर ती निसटते. आपल्याकडच्या केटीत निदान जास्त गुण मिळवले तर ते मोजले जातात, जिथे नियम तसे आहेत तिथे.

एकदा पास झालेला विषय गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही, असा नियम अनेक विद्यापीठांत आहे. काही ठिकाणी श्रेणीसुधारणेची सोय असते. निकालानंतर उरतो तो उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा मार्ग, आणि त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. श्रेणीपद्धतीत ४१ चे ४३ झाले तर फी फुकट गेली. ४४ किंवा ४९ वर थांबलेल्याने मात्र त्या मुदतीत अर्ज करण्याआधी छायाप्रतीवर प्रत्येक प्रश्नाचे गुण एकदा बेरजेने तपासून पाहावेत, कारण तिथे एका गुणाने श्रेणी बदलते.