एसएसडीवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही! म्हणून फेसबुकने लाईक साठवायची पद्धतच बदलली

तुम्ही एखाद्या फोटोला लाईक करता, तेव्हा फेसबुकच्या डेटाबेसमध्ये एक छोटीशी नोंद होते. समजा ती 100 बाइटची आहे. पण ती साठवताना ड्राइव्हवर 32 हजार बाइट लिहिले गेले तर? जुन्या पद्धतीत हे खरंच होऊ शकतं. ते का होतं, हे समजून घ्यायला आधी जुनी हार्ड डिस्क बघावी लागेल.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकडी फिरत असते आणि एक हेड तिच्यावर पुढेमागे सरकतं. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला 8 मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला, तर कुठलीतरी एक नोंद शोधायला सरासरी 12 मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम 80 नोंदी.

त्यामुळे डेटाबेस बनवणाऱ्यांचं सूत्र एकच होतं, हेड कमीत कमी हलवायचं. त्यासाठी नोंदी क्रमाने लावून मोठ्या पानांमध्ये ठेवल्या जात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये असं एक पान 16 किलोबाइटचं असतं. एक नोंद बदलली, की ते पान आहे त्याच जागी पुन्हा लिहायचं. मध्येच वीज गेली तर पान अर्धवट राहू नये, म्हणून ते आधी दुसरीकडे लिहून ठेवायचं. 16 दुणे 32, म्हणजे आपले 32 हजार बाइट ते हेच. एका पानातले बरेच बदल एकदम लिहिले गेले तर हा खर्च वाटला जातो. पण लाईक जगभरातल्या पोस्टवर विखुरलेले असतात, तशी संधी कमी मिळते.

डिस्कवर हे चालून जायचं, कारण खरा वेळ हेड सरकण्यात जायचा. एकदा हेड जागेवर पोचलं की 100 बाइट काय आणि 16 किलोबाइट काय, फारसा फरक नव्हता.

मग आली एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नाही. कुठलीही नोंद साधारण 0.1 मिलिसेकंदात मिळते. पण हिची अडचण वेगळी आहे. फ्लॅश चिपवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी ती जागा पुसावी लागते. आणि पुसताना एक पान पुसता येत नाही, कित्येक मेगाबाइटचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो.

म्हणून एसएसडी नवीन मजकूर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिते आणि जुना रद्द धरते. पुढे कधीतरी ब्लॉकमधली चालू पानं दुसरीकडे हलवून तो पुसते. म्हणजे लिहिण्यात आणखी भर! शिवाय प्रत्येक पुसण्याने चिप झिजते. आजच्या बऱ्याच ड्राइव्हमधला ब्लॉक साधारण 1000 ते 3000 वेळा पुसता येतो.

थोडक्यात, डिस्कवर महाग होतं ते हेड हलवणं, एसएसडीवर महाग आहे ते पुन्हा पुन्हा लिहिणं.

यावर उपाय कसा आहे, हे दुकानाच्या हिशेबावरून कळेल. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान उघडून बदल करावा लागतो. रोजकीर्दीत मात्र येईल ती नोंद खाली लिहीत जायची आणि सवडीने एकदम वर्गवारी करायची. डेटाबेसमधल्या या रोजकीर्दीला एलएसएम ट्री म्हणतात. नोंदी मेमरीत जमतात, क्रमाने लावून फाइलमध्ये एकदम लिहिल्या जातात, पुढे अशा फाइल एकत्र केल्या जातात. या एकत्रीकरणात एक नोंद समजा 20 वेळा लिहिली गेली, तरी 100 बाइटचे 2000 बाइट होतात. 32 हजारांच्या मानाने सोळावा हिस्सा!

गंमत म्हणजे ही कल्पना 1996 सालची, चुंबकीय डिस्कसाठीच मांडलेली. 2012 मध्ये फेसबुकने गूगलच्या लेव्हलडीबीवरून फ्लॅशसाठी रॉक्सडीबी बनवायला घेतलं. लाईक आणि कमेंट साठवणारा मुख्य डेटाबेस 2017 मध्ये त्यावर आधारलेल्या मायरॉक्सवर हलवला. लिहिणं तर कमी झालंच, शिवाय लागणारी जागाही जवळपास निम्मी झाली.

याची किंमतही आहे. एक नोंद वाचायला कधी कधी अनेक फाइल बघाव्या लागतात. एसएसडीवर वाचन स्वस्त असल्याने ते परवडतं. पण एकत्रीकरण जोरात सुरू असताना उत्तरं मंदावतात. जिथे लिहिणं कमी आणि वाचणं जास्त, तिथे खतावणीच बरी.

आपली ड्राइव्ह किती झिजली, हे लिनक्सवर असं बघता येतं:

```
sudo smartctl -a /dev/nvme0
```

त्यात `Percentage Used` म्हणजे किती आयुष्य संपलं आणि `Data Units Written` म्हणजे किती लिहिलं गेलं. इथलं एक युनिट 5,12,000 बाइटचं असतं. डेटाबेसमध्ये दिवसाला 1 जीबी भर पडत असेल आणि हा आकडा 50 जीबीने वाढत असेल, तर डेटाबेस अजून हार्ड डिस्कच्या जमान्यातच वावरतोय का, हे तपासायला हवं.