मसावि काढायची 'बाकी'ची युक्ती: ती कधीच अडकत का नाही?

रीलचा आकार १०८० बाय १९२० पिक्सेल असतो. त्याचं प्रमाण ९:१६ कसं येतं? दोन्ही आकड्यांना त्यांच्या मसाविने, म्हणजे महत्तम सामाईक विभाजकाने भागून.

तो शोधायची रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' ग्रंथात आहे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा. मग त्या लहान संख्येला आलेल्या बाकीने भागा. बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहा.

१९२० ÷ १०८०: बाकी ८४०
१०८० ÷ ८४०: बाकी २४०
८४० ÷ २४०: बाकी १२०
२४० ÷ १२०: बाकी ०

शेवटी ज्याने भागलं तो १२० हा मसावि. १०८० ÷ १२० = ९ आणि १९२० ÷ १२० = १६.

पण हे उत्तर बरोबरच कशावरून? ८४० म्हणजे १९२० वजा १०८०. त्यामुळे १९२० आणि १०८० या दोघांना भागणारी संख्या ८४० लाही भागते. उलट, १०८० आणि ८४० ला भागणारी संख्या त्यांच्या बेरजेला, म्हणजे १९२० लाही भागते. म्हणजे जोडी बदलली तरी सामाईक विभाजक तेच राहतात. पुढच्या प्रत्येक पायरीलाही हेच लागू होतं.

आणि हे थांबणारच कशावरून? बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. पुढच्या पायरीत तीच भाजक होते, म्हणून नवी बाकी तिच्याहूनही लहान येते: ८४०, २४०, १२०, ०. बाकी पूर्ण संख्या असते आणि शून्याखाली जात नाही. त्यामुळे ही उतरण कधीतरी शून्यावर येतेच.

एक चूक टाळा: उत्तर शेवटचा भागाकार नसतो, शेवटचा भाजक असतो. इथे २ नाही, १२०.