रब्बी ज्वारीचा एनडीव्हीआय: हजार वजा करायला विसरू नका

सोलापूर, मंगळवेढा भागातील कोरडवाहू ज्वारीचा कस लागतो तो पोटरी ते दाणे भरण्याच्या काळात. जमिनीतील ओल कुठे आधी संपते आहे, हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून आपल्याला पाहता येते. त्याचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठ्याचा असतो.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोन पट्ट्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय मिळतो.

कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून `L2A` प्रतीची मूळ फाइल घ्या. `R10m` फोल्डरमधील `B04` (तांबडा) आणि `B08` (निकट-अवरक्त) हे दोन पट्टे क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि थरांना `B04`, `B08` अशी छोटी नावे द्या. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये लिहा:

```
("B08@1" - "B04@1") / ("B08@1" + "B04@1" - 2000)
```

हे २००० कुठून आले? जानेवारी २०२२ पासून प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. वजाबाकीत ते आपोआप जातात, पण बेरजेत दोनदा उरतात. समजा, एका चौकोनात `B08` ४६०० आणि `B04` १६०० आहे. साध्या सूत्राने ३००० भागिले ६२००, म्हणजे ०.४८ येते. खरे उत्तर ३००० भागिले ४२००, म्हणजे ०.७१ आहे. ही चूक राहिली, तर जुन्या वर्षाशी तुलना करताना चांगले पीकही खालावलेले दिसते. ओळखायचे कसे? फाइलच्या नावात `N0400` किंवा त्यापुढचा क्रमांक असेल, तर २००० वजा करा. त्याआधीचा असेल, तर करू नका. संकेतस्थळाने आधीच दुरुस्त करून दिलेल्या चित्रांनाही वजाबाकी नको.

पेरणीपासून काढणीपर्यंत दर १०-१५ दिवसांनी ढग नसलेले एक चित्र घ्या. सुरुवातीला काळी जमीनच जास्त दिसते, म्हणून आकडा कमी येतो. पुढे तो चढतो आणि दाणे पक्व होताना उतरतो. हा उतार नैसर्गिक आहे. काळजी करायची ती एकाच दिवशी पेरलेल्या शेतातील एखादा पट्टा इतरांआधी उतरला तर. बांधालगतचे चौकोन मात्र सोडून द्या. त्यांत बाभळीही मोजल्या जातात.

आकडा कारण सांगत नाही. त्या पट्ट्यात जाऊन फूटभर खोदा. माती कोरडी असेल आणि विहिरीला पाणी असेल, तर संरक्षित पाणी आधी तिथे द्या. ओल असेल, तर पानांमागे मावा किंवा पानांवर चिकटा आहे का पाहा. ताटे बुडाशी मऊ पडून लोळत असतील, तर खोड चिरून बघा. आत काळे दिसले, तर तो खडखड्या.