चौकोनातून गोलात जाणारा पत्रा

पंख्याचं तोंड चौकोनी आणि पुढचा पाइप गोल, हा डक्टच्या कामातला नेहमीचा पेच. दोघांना जोडणारा तुकडा सपाट पत्र्यातूनच काढायचा असतो. खालचा आयत ६०० बाय ४०० मिलिमीटर, वरच्या गोलाचा व्यास ३००, उंची ३०० आणि दोन्हींचे मध्य एकावर एक, असा तुकडा घेऊ.

आधी वरून दिसणारा नकाशा काढायचा. गोलाचे १२ सारखे भाग पाडले की आयताच्या प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला चार बिंदू येतात. कोपऱ्यापासून तिथपर्यंतच्या रेषा नकाशावर मोजल्या तर ३०४, २३६, २११ आणि २५० भरतात. नवशिका हीच मापं पत्र्यावर घेतो आणि तुकडा आखूड पडतो. भिंतीला टेकवलेल्या शिडीची भर दुपारी पडणारी सावली शिडीपेक्षा आखूड असते, तसंच हे आहे. नकाशात फक्त सावली दिसते; कड प्रत्यक्षात ३०० वरही चढलेली असते.

खऱ्या लांबीसाठी गुण्या लावून काटकोन आखायचा. उभ्या रेषेवर उंचीचे ३०० घ्यायचे, आडवीवर नकाशातलं माप, आणि दोन टोकं जोडायची. ती तिरपी रेषा म्हणजे खरी कड. उंची सगळ्या कडांना एकच, म्हणून उभी रेषा एकदाच काढली की पुरते. आपल्या कडा होतात ४२७, ३८१.५, ३६७ आणि ३९०.५.

आता पत्र्यावर ६०० ची रेषा मारायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून ४२७ चे कंस घ्यायचे. ते छेदतात तो गोलावरचा पहिला बिंदू. त्या बिंदूवरून गोलाच्या एका भागाचं अंतर आणि आयताच्या कोपऱ्यावरून ३८१.५, म्हणजे पुढचा बिंदू. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. शिवण ४०० च्या बाजूच्या मध्यावर ठेवली, तर शेवटच्या त्रिकोणाच्या बाजू २००, ३९०.५ आणि शिवणीची ३३५.४ अशा येतात. २०० आणि ३३५.४ यांच्यामधला कोन काटकोनच हवा. पत्र्याला कात्री लावण्याआधी तिथे गुण्या ठेवून पाहावा. बसला नाही, तर मागचं कुठलं तरी माप चुकलेलं आहे.

एक चूक मात्र या पडताळणीतही सापडत नाही. गोलाचे भाग नकाशावरून कंपासने उचलले, तर प्रत्येक भाग ७७.६ भरतो, कारण कंपास सरळ अंतर घेतो. वळणावरून तोच भाग ७८.५ आहे. बारा भागांत मिळून सुमारे ११ मिलिमीटर कमी पडतात, वरचं तोंड तीन-साडेतीन मिलिमीटरने अरुंद होतं आणि पाइपच्या तोंडाशी जुळत नाही. म्हणून परीघ, म्हणजे ९४२.५, काढून त्याला १२ ने भागावं.

वरचे बिंदू हलक्या वळणाने जोडायचे, शिवणीसाठी जादा पत्रा सोडायचा आणि मगच कापायचं. कोपऱ्यांतल्या कडांवर पत्रा थोडा थोडा वळवायचा, एका रेषेवर धारदार मोडायचा नाही, नाहीतर वरचं तोंड गोल न होता बारा कोनांचं होतं.