नवी एसएसडी गेली कुठे?

जुन्या डेस्कटॉपचा वेग वाढावा म्हणून एसएसडी आणली, बसवली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि ती कुठेच दिसत नाही. अशा वेळी आधी एकच गोष्ट ठरवावी: ती बायोसला दिसत नाही, की फक्त विंडोजला? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बायोसमध्ये पाहताना बूट क्रमाच्या यादीवर विसंबू नये. कोऱ्या एसएसडीवर विंडोज नसते, त्यामुळे ती त्या यादीत बहुधा येतच नाही. जोडलेल्या ड्राइव्हची माहिती देणाऱ्या पानावर तिचे नाव शोधावे. तिथेही नसेल, तर दोष जोडणीत, स्लॉटमध्ये किंवा क्वचित एसएसडीतच असतो.

अडीच इंची साटा एसएसडीला दोन केबल लागतात, एक डेटाची आणि दुसरी विजेची. यातली एक जरी सैल असली तरी ड्राइव्ह दिसत नाही. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून दोन्ही नीट बसवाव्यात. डेटाची केबल आणि पोर्टही बदलून पाहावेत.

एम.२ पट्टीचा घोळ जास्त फसवा असतो. ही पट्टी तिरकी आत सरकवून, खाली दाबून स्क्रूने बसवतात. पण ती चपखल बसली म्हणजे चालेलच असे नाही. समजा, दोन खाचांची एम.२ साटा पट्टी स्लॉटमध्ये बरोबर गेली, पण तो स्लॉट फक्त एनव्हीएमई चालवतो. मग ती कितीही वेळा काढून बसवली तरी दिसणार नाही. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटपुढे काय लिहिले आहे, ते पाहावे. तिथेच दुसरी अडचणही सापडते: काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एकदोन साटा पोर्ट बंद होतात. त्या पोर्टवरची डिस्क मग गायब होते.

बायोसला ड्राइव्ह दिसते, पण विंडोज बसवताना यादी रिकामी येते, तेव्हा स्टोरेज मोड तपासावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक कॉम्प्युटरवर VMD चालू असते आणि त्याचा ड्रायव्हर द्यावा लागतो. मोड बदलूनही काम होते, पण जुने विंडोज त्याच कॉम्प्युटरवर चालू असेल तर घाईने बदलू नये. ते निळा पडदा दाखवून अडू शकते.

विंडोज सुरू आहे, पण ‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह नाही, तर विंडोज आणि आर कळ एकत्र दाबून हे लिहावे:

```
diskmgmt.msc
```

तिथे Not Initialized असे दिसले तर त्यावर उजवी क्लिक करून Initialize Disk आणि GPT निवडावे, मग New Simple Volume करावे. डिस्क कोरी असेल तरच हे करावे. आधी वापरलेल्या डिस्कवर केल्यास जुना डेटा हाती लागणे कठीण होते. आणि बायोसलाच न दिसणारी एसएसडी या खिडकीत येणार नाही. तिच्यासाठी पुन्हा केबल आणि स्लॉटकडेच वळावे. तरीही दिसली नाही, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहावी. तिथेही गप्प राहिली, तर वॉरंटीत बदलून घ्यावी.