सोनपापडीचे तार: पाक ओढायची खरी वेळ ओळखा

सोनपापडीच्या व्हिडिओखाली बहुतेकांची एकच तक्रार आहे: "सर, तार सुटतच नाहीत, गोळाच होतो." रेसिपी बहुतेक वेळा बरोबर असते, घोळ होतो तो पाक आणि पिठाच्या गरमपणात.

एक किलो साखरेचा हिशोब धरू. ४०० ग्रॅम बेसन आणि ४०० ग्रॅम मैदा साधारण ३५० ग्रॅम तुपात मंद आचेवर भाजा आणि मोठ्या परातीत पसरून ठेवा. साखरेत ३५० मिली पाणी आणि पाव चमचा सायट्रिक ॲसिड घाला. ॲसिड विसरलात तर ओढता ओढता पाकाची साखर होते आणि तो भुरभुरतो. पीठ लागलेलं नसेल तर असा पाक पाणी घालून परत उकळता येतो. पीठ लागलं की विषय संपला.

पाक १२५ ते १३० अंशांवर उतरवा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका. त्याची कडक गोळी झाली आणि ती ताटलीवर टणकन वाजली, की पाक झाला. आता तूप लावलेल्या ताटात ओता आणि कडा आत दुमडत राहा. या वेळी हात घालू नका, वाईट भाजतं! हाताला सोसेल इतका झाला की ओढून-दुमडून पांढरट करा आणि जाड कडं बनवा.

कडं कोमट पिठात ठेवा. पीठ थंडगार असेल तर पाक लगेच आखडतो आणि तुटतो. ओढून मोठं करा, इंग्रजी आठसारखा पीळ देऊन दुहेरी करा, वर पीठ टाका, परत ओढा. प्रत्येक वेळी तार दुप्पट होतात, म्हणजे १२ वेळा दुमडलं की ४,०९६. तारांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं ते मधलं तुपाचं पीठ. म्हणून पीठ टाकायला कंजुषी केली की तार परत चिकटतात. दोघं-तिघं समोरासमोर बसा. एकट्याने एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक होतं.

मागच्या जुलैत एका बॅचला मी घाईत पाक ११८ वर उतरवला. सहाव्या दुमडीला कडं लोंबायला लागलं आणि सगळं पीठ पिऊन लगदा झाला. पूर्ण किलो वाया. वर पावसाळी हवा, साखर ओल धरते. तेव्हापासून पावसाळ्यात मी १३० च्या जवळच जातो आणि पंखा बंद ठेवतो, नाहीतर एक बाजू आधी कडक होते.

उलट, कडं ओढताना कडकड आवाज येऊन तुटलं तर ते गार झालंय. लगेच परातीखाली मंद आच द्या आणि मिनिटभर थांबा. जोर लावला तर तुकडेच पडतील.

तार केसासारखे झाले की थांबा. लगेच ट्रेमध्ये हलकं दाबा, वरून पिस्ता-वेलची घाला आणि वड्या कापा. डब्यात भरायला उशीर नको, उघडी सोनपापडी काही तासांत मऊ पडते.