नाव-वय झाका आणि मणके पाहा!

मोठ्या माणसांना वय विचारलं की काहींना राग येतो. मग न विचारता वय कसं कळेल? एक्स-रे आणि एमआरआय वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांना विचारा. चित्राच्या कोपऱ्यात छापलेलं नाव-वय हाताने झाकलं, तरी नुसते मणके पाहून ते म्हणतील, “हं, पन्नाशीच्या आसपास.” आणि बऱ्याचदा त्यांचा अंदाज जवळपास बरोबर निघतो.

तुमचं वय ओळखणं त्यांना फारच सोपं आहे. तुमची हाडं अजून वाढताहेत. वाढणाऱ्या हाडाच्या टोकाजवळ मऊ कुर्चेचा एक पट्टा असतो. एक्स-रेत तो काळ्या रेघेसारखा दिसतो, आणि वाढ संपली की बुजून जातो. कुठल्या हाडातली रेघ कोणत्या वयात बुजते, हे डॉक्टरांना माहीत असतं. म्हणून हाताच्या पंजाचा एक एक्स-रे काढला तरी काम भागतं. पण विशी उलटता उलटता शेवटच्या रेघाही बुजतात आणि वाढीचा हा हिशेब तिथेच संपतो. तीस वर्षांचा माणूस आणि साठ वर्षांचा माणूस, दोघांचीही हाडं पूर्ण वाढलेली! मग त्यांच्यातला फरक सांगायचा कशावरून? तर झिजेवरून.

झीज पाहायला कंबरेइतकी चांगली जागा नाही. पाठीच्या कण्यात 24 सुटे मणके असतात आणि त्यांच्यामध्ये चकत्या. मानेतल्या अगदी वरच्या दोन सांध्यांत तेवढी चकती नसते, त्यामुळे चकत्या भरतात 23. प्रत्येक चकतीला बाहेरून चिवट धाग्यांची कडी असते आणि आत पाण्याने भरलेला गर असतो. तरुणपणी या गरात बहुतेक पाणीच असतं. आता गंमत पाहा. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. त्यामुळे तरुण माणसाच्या कंबरेचं चित्र बाजूने पाहिलं, तर मणक्यांच्या मधोमध पाच चकत्या एकीखाली एक उजळ चमकताना दिसतात.

वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होत जातं. टपोऱ्या द्राक्षाचा बेदाणा व्हावा तशी चकती सुकते, आणि चित्रात आधी राखाडी, मग काळी दिसू लागते. असं होण्याचं एक कारण म्हणजे मोठ्या माणसाच्या चकतीच्या आत रक्तवाहिन्याच नसतात. तिचं अन्न वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत झिरपत येतं. त्यामुळे एकदा काही बिघडलं, की दुरुस्ती फार हळू होते किंवा होतच नाही.

चला, आता आपणच रेडिऑलॉजिस्ट होऊ. समजा, टेबलावर कंबरेचा एक एमआरआय आला आहे आणि कोपरा झाकलेला आहे. पहिला प्रश्न: मणक्यांच्या कडांची वाढ पूर्ण झाली आहे का? हो. म्हणजे हा लहान मुलगा नाही. दुसरा प्रश्न चकत्यांचा. वरच्या तीन राखाडी आहेत, त्यांचा गर आणि कडी आता वेगळे ओळखू येत नाहीत. खालच्या दोन तर काळ्या आणि थोड्या बसक्या आहेत. खालच्या दोनच का? कारण सगळ्या धडाचं वजन तिथे येतं आणि पुढे-मागे वाकणंही तिथेच सर्वांत जास्त होतं. तिसरा प्रश्न मणक्यांच्या कोपऱ्यांचा. तिथे हाडाची बारीक टोकं बाहेर आली आहेत. चकती बसकी झाली, की कडेच्या धाग्यांवर ताण येतो आणि शरीर तिथे नवं हाड घालायला लागतं. अशी टोकं व्हायला वर्षं लागतात. आता मणक्यांच्या पाठीमागे पाहा. तिथे छोट्या सांध्यांच्या जोड्या असतात. या माणसात त्या जाड आणि खडबडीत झाल्या आहेत.

सगळं जमेस धरून आपण म्हणू, पन्नास ते साठ. “बावन्न” असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मात्र विश्वास ठेवू नका. ही पद्धत इतकी बारीक नाही.

खरी फसगत कुठे होते, तेही सांगतो. समजा, दुसऱ्या चित्रात वरच्या चारही चकत्या लख्ख उजळ आहेत आणि सगळ्यात खालची एकटीच काळी ठिक्कर. घाईत आपण म्हणू, “म्हातारा!” पण हा पंचविशीतला खेळाडूही असू शकतो. एकच जागा बिघडली, तर तिथे मार बसला असेल किंवा फार ताण आला असेल. वय दिसतं ते सगळीकडे थोडं थोडं पसरलेल्या झिजेत. म्हणून चांगला डॉक्टर एका ठिकाणी नजर रोखून बसत नाही. तो गुडघा, खुबा, खांदा, जे जे चित्रात असेल ते सगळं पाहतो. गुडघ्याच्या एक्स-रेत कुर्चा दिसतच नाही, पण दोन हाडांमधली फट दिसते. कुर्चा झिजली की फट अरुंद होते. दोन्ही गुडघ्यांत फट सारखीच अरुंद असेल, तर वय जास्त असण्याची शक्यता वाढते. एकाच गुडघ्यात असेल, तर जुनी दुखापत होती का, असं विचारायला हवं.

आणखी एक पंचाईत आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रांचे बरेच अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये एक मोठा आढावा घेतला गेला. त्यात विसाव्या वर्षीही 37 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली, आणि ऐंशीव्या वर्षी 96 टक्के लोकांच्या. म्हणजे वयाबरोबर झीज वाढते हे खरं, पण विशीतला झिजलेला माणूस काही दुर्मीळ नाही. फिनलंडमध्ये हुबेहूब जुळ्या भावांचे एमआरआय तपासले, तेव्हा दोघांची कामं वेगवेगळी असूनही त्यांच्या चकत्यांमध्ये खूपच साम्य आढळलं. कष्टांपेक्षा आई-बाबांकडून मिळालेल्या गोष्टींचाच प्रभाव मोठा होता.

या विद्येचा सर्वांत मजेदार वापर कुठे झाला माहीत आहे? ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर. 1991 मध्ये आल्प्स पर्वतातल्या बर्फात गिर्यारोहकांना एका माणसाचं शरीर सापडलं. तो सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा निघाला! त्याचं नाव पडलं ओट्झी. त्याच्याजवळ जन्माचा दाखला असणार कुठून? मग त्याचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढले. कंबरेच्या मणक्यांत झीज होती, खुबा आणि पायांचे सांधेही झिजले होते, आणि रक्तवाहिन्यांत चुन्याचे कण साठलेले दिसले. हाडांच्या सूक्ष्म रचनेवरूनही अंदाज घेतला गेला. सगळं मिळून उत्तर आलं सुमारे 45 वर्षं. गंमत म्हणजे त्याच्या अंगावरच्या गोंदणाच्या रेघांपैकी बऱ्याच कंबर, गुडघे आणि घोट्यांवर होत्या. दुखऱ्या जागी गोंदून इलाज करत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेलं दगडी बाणाचं टोक मात्र आधीच्या तपासणीत सुटलं आणि 2001 मध्ये नव्या एक्स-रेत सापडलं. दहा वर्षं ते चित्रांतून निसटलं होतं, बोला!

चकतीतल्या पाण्याचा पुरावा तुम्हाला एमआरआयशिवायही मिळेल. दिवसभर उभं राहून आणि बसून चकत्यांतलं थोडं पाणी दाबानं बाहेर जातं, आणि रात्री आडवं झालं की ते परत आत येतं. उद्या सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या भिंतीला पाठ टेकून उभे राहा, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवा आणि आईला पेन्सिलीने खूण करायला सांगा. झोपण्यापूर्वी त्याच जागी पुन्हा मोजा. दुसरी खूण थोडी खाली येईल. फरक सुमारे एक सेंटिमीटरचा असतो. किती आला ते आम्हाला कळवा, आणि भिंत पुसायला विसरू नका!